ऑक्सिमीटरचा आकडा येतो कुठून, आणि तो कधी धरायचा नाही

प्रश्न: बाबांना (७२) सीओपीडी आहे. घरात दोन ऑक्सिमीटर आहेत, एकाच वेळी एक ९१ दाखवतं आणि दुसरं ९६. सकाळी उठल्या उठल्या लावलं तर ८४ पण येतं आणि मग थोड्या वेळाने आपोआप ९४. कुठलं खरं धरायचं? आणि रक्त न काढता हे मशीन ऑक्सिजन मोजतं तरी कसं?

उत्तर:

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये याच आकड्याकडे बघत बसायचं काम. आधी एक सांगून टाकतो, बाबांना बघितल्याशिवाय त्यांची खरी लेव्हल किती हे मी इथून सांगू शकत नाही, आणि त्यांच्यासाठी किती आकडा ठीक हे त्यांचे छातीचे डॉक्टरच ठरवणार. पण आकडा विश्वास ठेवण्यालायक आहे की नाही हे घरी बसून बऱ्यापैकी ओळखता येतं, फक्त त्यासाठी तुमचा दुसरा प्रश्न आधी घ्यावा लागेल. मशीन काय करतं ते एकदा कळलं की ते कुठे फसतं हे पाठ करावं लागत नाही.

पहिली गोष्ट, हे मशीन ऑक्सिजन मोजतच नाही. ते रंग मोजतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन आलं की लालभडक दिसतं आणि ऑक्सिजन देऊन टाकला की काळपट होतं, हे तर सगळ्यांना माहीत आहे. ऑक्सिमीटरच्या चिमट्यात एका बाजूला दोन छोटे एलईडी असतात, एक लाल (६६० नॅनोमीटर) आणि एक इन्फ्रारेड (९४० नॅनोमीटर, जो डोळ्याला दिसत नाही), आणि समोरच्या बाजूला प्रकाश पकडणारा सेन्सर. दोन्ही एलईडी आळीपाळीने सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात आणि मध्येच दोन्ही बंद राहतात, त्या बंदच्या वेळात खोलीतला उजेड किती ते मोजून वजा करतात. बोट न घालता मशीन चालू करून आतल्या बाजूला मोबाईलचा सेल्फी कॅमेरा धरा, बऱ्याच फोनमध्ये लाल ठिपक्याच्या जवळ एक फिकट जांभळट ठिपका दिसतो, तोच इन्फ्रारेड.

आता या दोन रंगांची निवड का, तर ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश खूप खातं, ऑक्सिजनवाल्यापेक्षा जवळजवळ दहापट. आणि इन्फ्रारेडला उलटं, तिथे ऑक्सिजनवालं थोडं जास्त खातं. म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी झाला की लाल प्रकाश पलीकडे कमी पोचणार आणि इन्फ्रारेड थोडा जास्त. या दोघांची तुलना केली की झालं.

पण एवढं सोपं असतं तर हे मशीन कितीतरी आधीच आलं असतं. बोटात फक्त रक्त नाहीये ना. नख आहे, कातडी आहे, हाड आहे, शिरांमधलं काळपट रक्त आहे, आणि हे सगळे प्रकाश खातात. प्रत्येकाचं बोट वेगळं. मग त्यातून फक्त धमनीतल्या रक्ताचा हिशोब वेगळा कसा काढायचा?

हे सुटलं जपानमध्ये, आणि तेही भलतंच काही करताना. निहोन कोहडेन कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे इंजिनियर होते, ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे मोजायच्या मागे होते. रक्तात रंगद्रव्य टोचायचं आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून तो रंग येतो कधी आणि जातो कधी ते बघायचं. त्यांचा आलेख नाडीच्या ठोक्याने सारखा थरथरायचा आणि त्यांना ती थरथर नको होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरून ती खोडायचा प्रयत्न केला. खोडली गेली, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की परत यायची. तिथे त्यांच्या लक्षात आलं की जो त्रास म्हणून आपण काढून टाकतोय त्यातच ऑक्सिजनची माहिती आहे. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. (आओयागी गेले एप्रिल २०२० मध्ये, जेव्हा सगळं जग मेडिकलच्या दुकानांत ऑक्सिमीटर शोधत फिरत होतं.)

युक्ती अशी. बाजारात पोत्यासकट बटाटे तोलले, मग थोडे बटाटे काढून परत तोललं, तर दोन वजनांमधला फरक हा निव्वळ बटाट्यांचा, पोतं कितीचं होतं हे माहीत नसलं तरी चालतं. बोटात तेच. ठोका पडला की धमन्या किंचित फुगतात, थोडं रक्त जास्त येतं, सेन्सरवर प्रकाश थोडा कमी पडतो, ठोका ओसरला की परत वाढतो. नख, कातडी, हाड यांचं काहीच बदलत नाही. म्हणजे जेवढं बदललं तेवढं धमनीतलं रक्त. फक्त हा बदल असतो बारीक, एकूण प्रकाशाच्या साधारण एक-दोन टक्के, आणि बोट गार असेल तर त्याहून कितीतरी कमी. सगळा आकडा या बारक्या बदलावर उभा आहे, हे लक्षात ठेवा, पुढे सारखं लागणार आहे.

मशीन मग दोन्ही प्रकाशांसाठी 'बदलणारा भाग भागिले स्थिर भाग' काढतं आणि त्या दोघांचं गुणोत्तर घेतं. पुस्तकात ढोबळ हिशोबासाठी हे सूत्र देतात:

```
R = (AC_red / DC_red) / (AC_ir / DC_ir)
SpO2 ≈ 110 − 25 × R
```

यात SpO2 म्हणजे मशीनवरचा आकडा, शंभरातल्या किती हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे ती टक्केवारी, यालाच सॅच्युरेशन म्हणतात; AC म्हणजे ठोक्याबरोबर हलणारा भाग, DC म्हणजे स्थिर भाग. समजा लाल प्रकाश ०.८ टक्के हलला आणि इन्फ्रारेड १.६ टक्के, तर R झाला ०.५ आणि आकडा आला ९७.५. R जर १ झाला, म्हणजे दोन्ही सारखेच हलले, तर ८५. हा ८५ डोक्यात ठेवा.

खऱ्या मशीनमध्ये हे सूत्र नसतं, त्याच्या आत एक तक्ता भरलेला असतो आणि तो तक्ता माणसांवरून केलेला असतो. तरुण निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांच्या धमनीतून रक्त काढून प्रयोगशाळेत खरी पातळी बघतात, आणि त्या वेळी R किती होता ते लिहून घेतात. माणसाला ७० च्या खाली नेणं धोक्याचं म्हणून तिथे थांबतात, त्यामुळे ७० च्या खालचं मशीन जे काही दाखवतं ते अंदाजाने पुढे ओढलेलं असतं, ५८ आणि ६४ मध्ये फरक शोधत बसू नका, दोन्हीचा अर्थ एकच, पळा.

आता तुमची दोन मशीनं. चांगल्या ऑक्सिमीटरची चूक साधारण २ ते ३ टक्के धरतात, आणि तीही अशी की तीनातले दोन वेळा आकडा त्या पट्ट्यात असतो, उरलेला एक वेळ बाहेर. समजा बाबांचं खरं आहे ९३.५. एक मशीन अडीच खाली दाखवतंय, ९१, दुसरं अडीच वर, ९६. म्हणजे दोघंही आपापल्या कागदावर लिहिलेल्या हद्दीतच आहेत आणि एकही बिघडलेलं नाहीये! स्वस्तातल्या मशीनमध्ये तक्ता कुणाच्या बोटांवरून केला, केला तरी का, हेच माहीत नसतं, त्यामुळे तिथे फरक याहून मोठा पडू शकतो. दोन मशीनं लावून त्यांची सरासरी काढणं वगैरे करू नका, त्याने काही साध्य होत नाही. एक ठरवा आणि तेच रोज वापरा, कारण त्या मशीनची जी काय चूक आहे ती त्याच बोटावर बऱ्यापैकी त्याच दिशेला राहते, मग 'नेहमी ९२-९३ असतं आणि आज ८८ आहे' याला अर्थ येतो.

सकाळच्या ८४ चं मात्र वेगळं आहे, त्यात दोन शक्यता आहेत आणि दोन्ही खऱ्या असू शकतात.

पहिली, हात गार. पहाटे हातपाय गार असतात, धमन्या आवळलेल्या, ठोक्याचा बदल एकदम बारीक. समजा लाल ०.१ टक्के हलतोय आणि इन्फ्रारेड ०.२, गुणोत्तर तेच ०.५, आकडा खरं तर ९७.५ यायला हवा. आता बोट जरासं थरथरलं किंवा चिमटा सरकला, त्या हालचालीने दोन्ही प्रकाश सारखेच, समजा ०.३ टक्के, जास्त हलले. मग लाल झाला ०.४, इन्फ्रारेड ०.५, R झाला ०.८ आणि मशीनवर आले ९०. रक्तात काहीही बदललेलं नाही! हीच ०.३ ची थरथर ऊबदार बोटावर, जिथे आकडे ०.८ आणि १.६ होते, तिथे १.१ आणि १.९ असं होऊन R ०.५८ च्या आसपास राहतो आणि मशीन ९५-९६ दाखवतं. थरथर तेवढीच, पण गार बोटावर सात-आठ टक्क्यांचा फटका आणि ऊबदार बोटावर दोनचा. हालचालीचा गोंगाट दोन्ही प्रकाशांना सारखाच लागतो म्हणून तो R ला १ कडे ओढतो, म्हणजे आकडा ८५ कडे. त्यात हालचालीने शिरांमधलं काळपट रक्तही पुढेमागे होतं आणि मशीनला तोही ठोकाच वाटतो, मग आकडा ८५ च्या खाली पण जातो. गार किंवा हलणाऱ्या बोटावर ८३, ८४, ८६ असलं काही दिसलं की माझ्या मनात पहिला संशय मशीनवर असतो, पेशंटवर नंतर.

दुसरी शक्यता, आकडा खरा आहे. सीओपीडीच्या पेशंटचा ऑक्सिजन झोपेत खरोखर पडतो, काहींचा बराच पडतो, आणि उठून बसल्यावर, खोल श्वास घेतल्यावर वर येतो. 'आपोआप ९४ झालं' हे दोन्ही गोष्टींमध्ये सारखंच दिसणार. म्हणून 'गार हातामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका, वेगळं करून बघा.

ते असं करायचं. रात्री झोपताना त्यांचे हात पांघरुणाच्या आत राहतील असं बघा. सकाळी उठायच्या आधीच, ते पडलेले असतानाच, मधल्या बोटाला मशीन लावा, हात अंथरुणावर टेकलेला, कुणी बोलायचं नाही, आणि पहिला आकडा बघायचाच नाही. मिनिटभर थांबा. मशीन मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवत असतं, त्यामुळे सुरुवातीचे आकडे कचराच असतात. मग तीन गोष्टी बघा. एक, नाडीची लाट, असेल तर: प्रत्येक ठोक्याला सारखी, एका लयीत उठतेय का, की वेडीवाकडी. दोन, मशीनवर PR म्हणून जो आकडा येतो तो मनगटाची नाडी मोजून जुळतो का. हे मला सगळ्यात जास्त भरवशाचं वाटतं, कारण मनगटाला ७६ लागतेय आणि मशीन ११२ म्हणतंय तर मशीन ठोके नाही, भलतंच काहीतरी मोजतंय, मग वरचा ऑक्सिजनचा आकडा ९९ असला तरी मी तो धरत नाही. (ठोके मुळातच अनियमित पडत असतील तर पूर्ण मिनिटभर मोजा, तरी थोडा फरक राहणारच.) तीन, काही मशीनवर PI असतं, म्हणजे तो हलणारा भाग किती टक्के आहे ते. ०.५ च्या खाली असलं की मी हात चोळून, गरम करून परत बघतो.

हे तिन्ही नीट असताना, हात ऊबदार असताना, झोपेतून उठताना ८४-८६ येत असेल तर ते खरं समजा आणि डॉक्टरांना सांगा, ते रात्रभर रेकॉर्ड करणारं मशीन लावून बघतील.

नेलपॉलिश आणि मेंदीबद्दल हमखास विचारतात म्हणून सांगतो, गडद निळं, हिरवं, काळं नेलपॉलिश एखाद-दोन टक्क्यांचा फरक पाडू शकतं, बाकी रंगांचं फार काही नसतं, काढता येत नसेल तर चिमटा बोटाला आडवा लावा म्हणजे प्रकाश नखातून जाणारच नाही. साध्या लाल मेंदीने सहसा बिघडत नाही, काळी गडद मेंदी असेल तर बोट बदला किंवा पायाचं बोट घ्या. ज्या हाताला बीपीचा पट्टा फुगतोय त्या हाताला ऑक्सिमीटर लावू नका, एवढं साधं आहे पण वॉर्डातसुद्धा हे रोज होतं.

कातडीच्या रंगाचं मात्र थोडं गंभीर आहे. वर सांगितलं की स्थिर भाग वजा होतो, मग सावळ्या कातडीने फरक पडायलाच नको, पुस्तकी हिशोब तर तसंच सांगतो. प्रत्यक्षात पडतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी ऑक्सिमीटरचे आकडे आणि धमनीतलं रक्त शेजारी ठेवून बघितलं. मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ८८ च्याही खाली असलेले पेशंट गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के निघाले आणि कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. म्हणजे गडद कातडीत मशीन खोटं बोललं तर ते बहुतेक वेळा जास्त सांगून बोलतं, आणि तीच दिशा वाईट. आपल्याकडे बरेच लोक सावळे ते काळे, तेव्हा ९३ वर येऊन थांबलेला, पण दम लागलेला पेशंट दिसला तर मी ९३ वर समाधान मानत नाही.

आतापर्यंत सांगितलं ते सगळं सिग्नल खराब असल्याचं. त्यात निदान मशीन चिन्हं तरी दाखवतं, लाट वाकडी होते, आकडा नाचतो. खरी भीती वाटते ती सिग्नल उत्तम, लाट सुंदर, आकडा एका जागी ठाम, आणि तो चुकीचा, याची. कारण मशीनकडे दोनच प्रकाश आहेत आणि दोन प्रकाशांवरून दोनच प्रकारचं हिमोग्लोबिन वेगळं काढता येतं. तिसऱ्या प्रकारचं रक्तात आलं तर मशीन त्याला जबरदस्तीने या दोघांपैकी कशात तरी बसवतं.

एक केस सांगतो. मध्यमवयीन गृहस्थ, हर्नियाच्या ऑपरेशनला आलेले, दम नाही, खोकला नाही, जिने चढून आलेले. टेबलावर घेतल्यावर मॉनिटर ९० दाखवतोय. हात गरम, लाट एकदम छान, नाडी जुळतेय. बोट बदललं, ९०. मास्कने ऑक्सिजन लावला, चांगला जोरात, पाच मिनिटं थांबलो, तरी ९०. इथे कान टवकारायचे! फुफ्फुसाचा साधा काही प्रॉब्लेम असता तर ऑक्सिजनने आकडा थोडा तरी हलला असता. ओठ बघितले तर निळसर-करडे, पण माणूस आरामात गप्पा मारतोय. धमनीतून रक्त काढलं तर ते चॉकलेटी रंगाचं. पांढऱ्या गॉजवर थेंब टाकून हवेत हलवत राहिलं तरी तपकिरीच, नुसतं ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं तर हवा लागून लाल व्हायला हवं होतं. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा, म्हणजे एबीजीचा, रिपोर्ट आला, त्यात ऑक्सिजनचा दाब ३०० च्या वर आणि सॅच्युरेशन ९९ लिहिलेलं. म्हणजे एक मशीन म्हणतंय ९०, दुसरं म्हणतंय ९९.

दोन्ही चूक होते. औषधं परत नीट विचारली तेव्हा कळलं की त्वचेच्या आजारासाठी काही आठवड्यांपासून डॅप्सोन चालू होतं. डॅप्सोनने काही लोकांत हिमोग्लोबिनमधलं लोह बिघडतं आणि मेटहिमोग्लोबिन तयार होतं, जे ऑक्सिजन धरूच शकत नाही. हे मेटहिमोग्लोबिन लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही जवळजवळ सारखेच खातं, म्हणजे परत R ला १ कडे ओढणार, आकडा परत ८५ कडे. ते जितकं जास्त तितका आकडा ८५ च्या जवळ जाऊन तिथेच अडकतो, मग पेशंट आणखी खालावला तरी मशीन ८५ च्या आसपासच राहतं. एबीजी मशीन का फसलं, तर साधं एबीजी सॅच्युरेशन मोजत नाही, ते ऑक्सिजनच्या दाबावरून हिशोबाने काढतं आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे असं गृहीत धरतं. रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटर असलेल्या लॅबला पाठवला, ते बऱ्याच तरंगलांब्या वापरून प्रत्येक प्रकार वेगळा मोजतं. मेटहिमोग्लोबिन १८ टक्के. म्हणजे कामाचं ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन ८१ च्या आसपास, मॉनिटरच्या ९० पेक्षाही खाली. ऑपरेशन पुढे ढकललं, त्वचेच्या डॉक्टरांशी बोलून डॅप्सोन बंद केलं, आणि त्रास काही नसल्याने फक्त लक्ष ठेवलं. त्रास असता तर मिथिलीन ब्लू शिरेतून देतात, आणि गंमत म्हणजे ते निळं औषध स्वतःच लाल प्रकाश खातं त्यामुळे दिल्यावर काही मिनिटं ऑक्सिमीटर आणखी खाली कोसळतं आणि नवीन रेसिडेंटची धावपळ होते. (मात्र जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांना ते देऊन चालत नाही.)

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलट आणि घरातल्या माणसांनी माहीत ठेवावा असा: कार्बन मोनॉक्साइड. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर, थंडीत खिडकी लावलेली, आत कुणी बराच वेळ आंघोळ करतंय, गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, अर्धवट जळतो. बाहेर आल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर, किंवा आतच कोसळले. कुणीतरी बोटाला ऑक्सिमीटर लावतं आणि ९८ येतं, मग 'ऑक्सिजन तर मस्त आहे, बीपी लो झालं असेल' म्हणून लिंबू सरबत पाजत बसतात. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश ऑक्सिजनवाल्यासारखंच सोडून देतं, दिसायला लालभडकच. समजा ३० टक्के हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलाय आणि ६८ टक्क्यांवर ऑक्सिजन आहे, तर मशीन दोघांची बेरीज करून ९७-९८ दाखवणार. इथे साधं एबीजी पण फसतं, परत को-ऑक्सिमीटरच लागतो. तेव्हा गिझर, बंद खोलीत पेटवलेली शेगडी, आतल्या खोलीत चालू ठेवलेला जनरेटर, आणि विशेषतः घरातल्या एकाहून जास्त जणांना एकदम डोकेदुखी-उलटी, असं काही असेल तर ऑक्सिमीटर खिशात ठेवा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि हॉस्पिटल गाठा. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड अर्धा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.

तुमच्या बाबांच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, आणि इथे मशीन चुकत नाही, आपण त्याला नको तो प्रश्न विचारतो. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीच सांगत नाही. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये तो साठतो, आणि गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की आणखी साठतो. घरी कॉन्सन्ट्रेटर असेल तर '९१ कमी वाटतंय, ९८ व्हायला हवं' म्हणून फ्लो वाढवत नेऊ नका. कार्बन डायऑक्साइड साठायची भीती असलेल्या पेशंटसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात, बाबा त्यात बसतात का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि आकडा लिहून घ्या. ऑक्सिजन चालू आहे, मशीनवर ९७ आहे, आणि माणूस सुस्तावलाय, सकाळी डोकं दुखतंय, बोलणं असंबद्ध व्हायला लागलंय, तर ९७ कडे बघून थांबू नका, लगेच दाखवा. तसंच, आकडा काहीही असो, एक वाक्य पूर्ण बोलताना दम लागतोय, ओठ निळे पडतायत किंवा ते गोंधळल्यासारखे वागतायत, तर मशीन परत परत लावण्यात वेळ घालवायचा नाही.

अजून एक, हिमोग्लोबिन किती आहे हेही मशीनला कळत नाही. ६ ग्रॅम हिमोग्लोबिनवाल्याचं सॅच्युरेशन ९९ येईल आणि ते खरंच असेल, पण मुळात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिनच निम्म्याहून कमी. बाबांना चालताना दम वाढला असेल आणि आकडा मात्र नेहमीचाच असेल तर एकदा सीबीसी करून घ्या.

राहिलं कुठलं मशीन ठेवायचं ते. पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन्ही सोबत न्या. ते एबीजी करणार असतील तर रक्त काढताना दुसऱ्या हाताच्या दोन बोटांना दोन्ही मशीनं लावून ठेवा, सुई आत असतानाचे दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि रिपोर्टमधल्या सॅच्युरेशनशी ताडून बघा (बाबांना डॅप्सोनसारखं काही चालू नसेल तर तो आकडा या कामासाठी पुरेसा आहे). जे जवळ येईल ते घरी वापरायचं, त्याच्या मागे मार्करने '२ ने जास्त दाखवतं' किंवा जे काय निघेल ते लिहून ठेवायचं, म्हणजे रात्री घरातलं दुसरं कुणी लावत असेल तरी त्याला कळेल. एबीजी होणार नसेल तर त्यांच्या ओपीडीतल्या मॉनिटरशी तुलना करा, तेही चालेल, फक्त बाबांना आधी पाच मिनिटं बसवा, जिना चढून आल्या आल्या लावू नका.